एलईडी स्ट्रिपचं शेवटचं टोक मंद का पडतं: एका हॉलचं काम, कापण्यापासून एसएमपीएसपर्यंत

नाशिकला पाथर्डी फाट्याला ताईचा नवीन फ्लॅट झाला. हॉलला जिप्समचं फॉल्स सीलिंग, चारी बाजूंनी दिवे लपवायची खाच म्हणजे कोव्ह आणि कोव्हमध्ये वॉर्म व्हाइट स्ट्रिप. वास्तुशांतीच्या आदल्या संध्याकाळी दिवे लावले, तर गॅलरीकडचा कोपरा लखलखीत आणि तिथून पुढे उजेड उतरत उतरत शेवटच्या भिंतीवर जेमतेम धुगधुगी. ताई म्हणाली, "अरे, माल खराब निघाला बहुतेक, बदलून आण." दुसऱ्या रविवारी मी मल्टिमीटर घेऊन शिडीवर चढलो. माल खराब नव्हता. पंधरा मीटर स्ट्रिप एकाला एक जोडत नेली होती आणि करंट फक्त एका टोकातून दिला होता.

हे बहुतेक घरांत होतं, म्हणून त्या हॉलचं पूर्ण काम आकड्यांसह मांडतो. तुमचा हॉल लहान-मोठा असेल, पण हिशोब हाच राहील.

स्ट्रिप होती १२ व्होल्टची, मीटरला १२० एलईडी, मीटरला ९.६ वॅट. हे सगळं रिळाच्या लेबलवर छापलेलं असतं. ९.६ ला १२ ने भागलं की मीटरला ०.८ अँपिअर येतात. हॉलचा कोव्ह ४.५ बाय ३ मीटर, म्हणजे परीघ १५ मीटर, पाच मीटरची तीन रिळं. कागदावर १४४ वॅट आणि १२ अँपिअर. दिवे चालू ठेवून मी स्ट्रिपच्या तांब्याच्या ठिपक्यांवर मीटरच्या पिना टेकवत गेलो. सुरुवातीला ११.९ व्होल्ट, पाच मीटरवर ९.७, दहा मीटरवर ८.९ आणि शेवटी ८.७.

१२ चे ११ झाले तर एवढं काय बिघडतं?

स्ट्रिप जवळून पाहा. १२ व्होल्टच्या पांढऱ्या स्ट्रिपमध्ये तीन एलईडी आणि एक रेझिस्टर असा एकेक गट असतो. गटातले तीन एलईडी एकामागे एक जोडलेले असतात आणि असे सगळे गट दोन लांब तांब्याच्या पट्ट्यांमध्ये शेजारी-शेजारी बसवलेले असतात. एक पट्टी प्लसची, एक मायनसची. एका पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात, म्हणजे तिघांना ९. उरलेले ३ व्होल्ट रेझिस्टरवर पडतात आणि एलईडीतून किती करंट जायचा ते हे ३ व्होल्टच ठरवतात.

म्हणून स्ट्रिपवर १२ ऐवजी ११ व्होल्ट पोचले, तर रेझिस्टरच्या वाट्याला ३ ऐवजी सुमारे २ व्होल्ट येतात. व्होल्टेज आठ टक्क्यांनी कमी झालं, पण करंट पाव ते एक तृतीयांश कमी झाला. ९ च्या खाली गेलं की एलईडी पेटल्यासारखे दिसतात एवढंच. ताईच्या शेवटच्या भिंतीवर तेच चाललं होतं.

व्होल्ट हरवतात त्या तांब्याच्या पट्ट्यांमध्ये. पट्टी कागदासारखी पातळ असते आणि पहिल्या इंचातून पुढच्या सगळ्या एलईडींचा करंट जावा लागतो. ताईच्या स्ट्रिपचा जाऊन-येऊन रोध मीटरला ०.२ ओहमच्या आसपास निघाला. ब्रँडनुसार हा आकडा बदलतो. स्वस्त स्ट्रिपचं तांबं आणखी पातळ असतं आणि मला विचाराल तर स्ट्रिपच्या किमतीतला खरा फरक तिथेच असतो. एलईडी दोन्हींकडे सारखेच उजळ दिसतात, पण चार मीटर पुढे गेलं की तांबं बोलायला लागतं.

रंगीत आरजीबी स्ट्रिप असेल तर खूण वेगळी दिसते. पांढरा रंग लावला की शेवटचं टोक लालसर होतं. लाल एलईडीला कमी व्होल्ट पुरतात म्हणून तो टिकून राहतो, हिरवा आणि निळा आधी ढेपाळतात.

कापायचं कुठे, कसं

स्ट्रिपवर ठराविक अंतराने आडवी रेघ आणि बऱ्याचदा बारीक कात्रीचं चित्र असतं. रेघेच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे ठिपके असतात. रेघ म्हणजे दोन गटांमधली हद्द. मीटरला १२० एलईडी असलेल्या १२ व्होल्टच्या स्ट्रिपवर ही हद्द दर अडीच सेंटिमीटरला येते, मीटरला ६० एलईडी असतील तर दर पाच सेंटिमीटरला. २४ व्होल्टच्या स्ट्रिपमध्ये गट सहसा सहा एलईडींचा असतो, त्यामुळे अंतर दुप्पट. रेघ सोडून मध्येच कापलं तर तेवढा अर्धा गट कायमचा विझतो, बाकी स्ट्रिपला काही होत नाही. त्यामुळे माप बसत नसेल तर अलीकडच्या रेघेवर कापा. कोव्हच्या कोपऱ्यात दोन सेंटिमीटर काळे राहिले तरी खालून दिसत नाहीत.

कापायच्या आधी मेन बंद. धारदार कात्री घ्या आणि ठिपक्याच्या बरोबर मधोमध एकाच दमात कापा. दोन्ही तुकड्यांना अर्धा-अर्धा ठिपका मिळायला हवा. बोथट कात्री तांब्याची कड दुमडते आणि प्लस-मायनस एकमेकांना टेकू शकतात.

पाच मीटरचं रीळ अखंड नसतं. कारखान्यात अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या पट्ट्या एकावर एक ठेवून सोल्डर केलेल्या असतात. तिथे सोल्डरचा जाड चकाकणारा थर दिसतो. तुमचं माप तिथेच आलं तर कात्री चालवू नका. सोल्डरिंग गनचं तापलेलं टोक टेकवून तो जोड सोडवा. दोन्हीकडे पूर्ण आकाराचे ठिपके मिळतात, वायर जोडायला ते जास्त बरे.

सिलिकॉनचा थर असलेली स्ट्रिप असेल तर ब्लेडने ठिपक्यावरचा थर हलक्या हाताने खरवडा. घाई केली तर तांबंही निघून येतं.

कोपऱ्यांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. ताईकडे स्ट्रिप कोपऱ्यात काटकोनात दुमडून पुढे नेली होती. एका कोपऱ्यात हात लावला की पुढचा भाग लुकलुकायचा. दुमडीत तांब्याला चीर गेली होती. स्ट्रिप वरखाली वाकते, आडवी वळत नाही. म्हणून कोपऱ्यात ती कापायची आणि दोन तुकडे लहान वायरने जोडायचे. आम्ही चारही कोपऱ्यांत कापली, चिरलेला एक गट काढून टाकला. आता चार तुकडे झाले: साडेचार, तीन, साडेचार, तीन.

जोडायला बाजारात प्लास्टिकच्या क्लिप मिळतात. हातभर स्ट्रिपला, टीव्ही युनिटच्या मागे वगैरे, त्या चालतात. कोव्हमध्ये मी त्या वापरत नाही. क्लिपची पिन तांब्यावर नुसती टेकलेली असते, उन्हाळ्या-पावसाळ्यात ती ढिली होते, जोड तापतो, आणि मग शिडी घेऊन वर चढायची वेळ येते. पंचवीस वॅटची साधी सोल्डरिंग गन, सोल्डर वायर आणि थोडी फ्लक्स पेस्ट पुरते. आधी ठिपक्यावर सोल्डरचा बारीक टिपका बसवा, वायरच्या टोकालाही सोल्डर चढवा, मग वायर टिपक्यावर ठेवून दोन-तीन सेकंद गरम करा. जास्त वेळ टेकवलं तर ठिपका स्ट्रिपवरून सुटतो. जोड झाल्यावर वायर हलकेच ओढून पाहा आणि प्लस-मायनसमध्ये सोल्डरचा तंतू राहिला नाही ना, ते उजेडात बघा.

करंट किती ठिकाणांहून द्यायचा

व्होल्टची ही घट, म्हणजे ड्रॉप, कमी करण्याचे दोनच मार्ग आहेत. पट्टीतून जाणारा करंट कमी करा, नाहीतर त्याचा प्रवास कमी करा. पाच मीटरचा तुकडा एका टोकाऐवजी दोन्ही टोकांनी पुरवला, तर दोन्ही गोष्टी एकदम होतात. प्रत्येक बाजूने निम्माच करंट येतो आणि तो निम्मंच अंतर जातो. त्यामुळे ड्रॉप निम्मा न होता चौथ्या हिश्श्यावर येतो. मधोमध करंट दिला तरी हाच फायदा मिळतो, तेव्हा दोन्ही टोकं सर्वांत मंद असतात एवढंच. एका वायरच्या खर्चात एवढं मिळत असेल तर ती ओढायचा कंटाळा करू नये.

ताईच्या हॉलमध्ये चार कोपरे म्हणजे आयते चार फीड. घरच्या २३० व्होल्टचे १२ व्होल्ट करणारा डबा म्हणजे एसएमपीएस, त्यातून प्रत्येक कोपऱ्यात वायरची स्वतंत्र जोडी आणली. तिथे दोन्ही बाजूंच्या स्ट्रिपचे प्लस प्लसला, मायनस मायनसला आणि फीडची वायर त्याच जोडाला. कोपऱ्यातला जोड नाहीतरी करायचाच होता, त्यामुळे वेगळं काम वाढलं नाही. आता कुठलाही तुकडा साडेचार मीटरपेक्षा मोठा नाही आणि प्रत्येक तुकडा दोन्ही टोकांनी पुरवलेला आहे.

यात एक पथ्य पाळायचं. सगळे फीड एकाच एसएमपीएसचे असावेत. दोन एसएमपीएस वापरायचे असतील तर दोघांच्या हद्दीवर स्ट्रिपचा प्लस तोडून ठेवा. दोघांचं व्होल्टेज कधी तंतोतंत सारखं नसतं, त्यामुळे एकच एसएमपीएस जास्त भार ओढत बसतो.

वायरची जाडी

वायरमध्येही ड्रॉप असतो आणि लोक तो विसरतात. तांब्याच्या वायरसाठी हिशोब सोपा आहे:

```
ड्रॉप (व्होल्ट) = २ × लांबी (मीटर) × अँपिअर × ०.०१७५ ÷ वायरची जाडी (स्क्वेअर एमएम)
```

दोनने गुणायचं कारण करंट प्लसमधून जातो आणि मायनसमधून परत येतो.

एकूण १२ अँपिअर चार कोपऱ्यांत वाटले, म्हणजे प्रत्येक वायरमधून ३. एसएमपीएस पहिल्या कोपऱ्यापाशीच होता, तिथे हातभर वायर पुरली. दुसरा कोपरा साडेचार मीटरवर. दीडची वायर घेतली तर २ × ४.५ × ३ × ०.०१७५ ÷ १.५, म्हणजे सुमारे ०.३ व्होल्ट. चौथा कोपरा तीन मीटरवर, तिथे दीडच्याच वायरने ०.२. समोरचा तिसरा कोपरा साडेसात मीटरवर. तिथे दीडची वायर ०.५ व्होल्ट खाते, म्हणून त्या एका वायरला अडीचची घेतली आणि ड्रॉप पुन्हा ०.३ वर आला. सगळे कोपरे जवळपास सारखे झाले की डोळ्याला उजेडात फरक जाणवत नाही.

दुकानात स्ट्रिपसोबत लाल-काळी बारीक जुळी वायर देतात. ती वीतभर जोडाला ठीक आहे. तिने सात मीटर जाऊ नका. ड्रॉप तर होतोच, शिवाय मोठ्या एसएमपीएसवर तिच्यात शॉर्ट झाला तर एसएमपीएसला तो कधीकधी साधा लोड वाटतो, ट्रिप होत नाही आणि वायर तापत राहते. एमजी रोडवर मला प्रत्येक फीडसाठी पाच अँपिअरचा फ्यूज आणि होल्डर किरकोळ पैशांत मिळाले, ते प्लसच्या वायरमध्ये टाकले.

एसएमपीएस: इथे आम्ही फसलो

ताईकडे आधी बसवलेला एसएमपीएस १२ व्होल्ट १० अँपिअरचा, म्हणजे १२० वॅटचा होता. आठवडाभर तो निमूट चालला, अंगाला हात लावला तर कोमट. भाऊजी म्हणाले, "हा व्यवस्थित चालतोय, कशाला बदलायचा?" मलाही त्या घाईत ते पटलं. चारही फीड जोडले, दिवे लावले, हॉल एकसारखा उजळला, सगळे खूश. वीस मिनिटांनी दिवे मिचमिचायला लागले आणि एसएमपीएसवर हात ठेववेना.

कारण मीटरने सांगितलं. जुन्या जोडणीत पंधरा मीटर स्ट्रिप मिळून जेमतेम पावणेचार अँपिअर ओढत होती. पुढच्या दहा मीटरला व्होल्टच मिळत नव्हते, तर ती करंट कुठून घेणार? कमी पडणारा एसएमपीएस त्या ड्रॉपमागे लपला होता. ड्रॉप सुधारला तशी स्ट्रिप आपला पूर्ण करंट मागू लागली. चारही वायरींमध्ये आळीपाळीने मीटर लावून बेरीज केली तर साडेदहा अँपिअर आले, म्हणजे दहाच्या वर. म्हणून एसएमपीएसचं माप चालू करंट बघून ठरवू नका. रिळाच्या लेबलवरचे वॅट गुणिले मीटर, हाच आकडा धरा.

त्या आकड्याला ०.८ ने भागायचं, म्हणजे एसएमपीएस ऐंशी टक्क्यांपेक्षा जास्त राबत नाही. १४४ भागिले ०.८ म्हणजे १८० वॅट, १२ व्होल्टला १५ अँपिअर. एवढा नेमका मिळतो, पण आम्ही २० अँपिअरचा घेतला. ताईचा फ्लॅट वरच्या मजल्यावर आहे. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा स्लॅब आणि जिप्सम यांच्यामधली कोंडलेली हवा खोलीपेक्षा बरीच तापते. चांगल्या एसएमपीएसच्या माहितीपत्रकात साधारण ५० अंशांच्या पुढे लोड कमी करायला सांगितलेलं असतं. सीलिंगच्या आत जागा असली तरी तो तिथे पुरू नका. आम्ही पडद्याच्या पेल्मेटवर, जाळी उघडी राहील असा बसवला. पुढे बदलायचा झाला तरी स्टुलावरून हात पोचतो.

घेताना ‘कॉन्स्टंट व्होल्टेज’ लिहिलेलाच घ्या. पॅनल लाइटचा ड्रायव्हर कॉन्स्टंट करंटचा असतो, तो दिसायला सारखा वाटला तरी स्ट्रिपला चालत नाही. काही एसएमपीएसच्या कडेला ११५/२३० चं लहान स्विच असतं, ते २३० वर आहे ना ते पाहा. ११५ वर राहिलं तर पहिल्याच क्षणी बार उडतो. पत्र्याच्या डब्याला अर्थिंग जोडाच. फेज-न्यूट्रलचे स्क्रू उघडे असतात, त्यावरचं प्लास्टिकचं झाकण काढून फेकू नका. मेन बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, म्हणून मिनिटभर थांबूनच हात घाला. मेनची बाजू जोडायचा सराव नसेल तर तेवढं काम वायरमनकडून करून घ्या.

टर्मिनलशेजारी ‘व्ही ॲडज’ लिहिलेला लहान स्क्रू असतो. शेवटचं टोक मंद दिसलं की तो पिरगाळून १३-१३.५ व्होल्ट करणारे मी पाहिलेत. वरचा रेझिस्टरचा हिशोब आठवा. १२ चे १३ केले तर सुरुवातीच्या एलईडींमधला करंट पाव ते एक तृतीयांश वाढतो. लांबचं टोक थोडं सुधारतं आणि जवळचे एलईडी भाजून काही महिन्यांत पिवळे पडतात. वायरमधला ०.२-०.३ व्होल्टचा ड्रॉप भरून काढण्यापुरताच तो स्क्रू फिरवावा. आम्ही लोड चालू असताना १२.२ वर ठेवला.

तपासणी

तासभर दिवे चालू ठेवले, मग पुन्हा मीटर घेतला. पहिल्या कोपऱ्यात १२.१ व्होल्ट, दुसऱ्या आणि तिसऱ्यात ११.८, चौथ्यात ११.९. साडेचार मीटरच्या लांब भिंतीच्या मधोमध, जिथे सर्वांत कमी असायला हवं तिथे, ११.५. आधी याच घरात ८.७ होते. कोपरा आणि भिंतीचा मध्य यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा फार जास्त फरक आला तर आधी सोल्डरचा जोड तपासा. जोडाच्या अलीकडे आणि पलीकडे पिना टेकवल्या की तिथेच व्होल्ट हरवताहेत का ते कळतं. जोड ठीक असेल तर स्ट्रिपचं तांबं पातळ आहे, मधोमध आणखी एक फीड द्या. सगळे जोड बोटाने चाचपले, एकही गरम नव्हता. एसएमपीएसवर हात आरामात ठेवता येत होता.

नव्याने करायचं असेल तर

स्ट्रिप अजून घ्यायची असेल आणि लांबी पाच मीटरच्या वर असेल तर २४ व्होल्टची घ्या. तेवढ्याच वॅटला करंट निम्मा लागतो, म्हणून ड्रॉपही निम्मा. शिवाय सहा एलईडींच्या गटात रेझिस्टरच्या वाट्याला ३ ऐवजी सुमारे ६ व्होल्ट असतात, त्यामुळे तेवढाच ड्रॉप झाला तरी उजेडावर परिणाम निम्मा. दोन्ही मिळून फरक चौपट पडतो. अट एकच, स्ट्रिप आणि एसएमपीएस दोन्ही २४ चे हवेत. १२ ची स्ट्रिप २४ वर लावली तर ती क्षणात जाते.

दिवाळीच्या आधी ताईच्या बेडरूमचं काम आम्ही असंच केलं. दहा मीटर, मीटरला ९.६ वॅट, एकूण ९६. भागिले ०.८ म्हणजे १२० वॅट, म्हणून २४ व्होल्टचा १५० वॅटचा एसएमपीएस. तो कपाटाच्या माथ्यावर ठेवला आणि तिथून पाच-पाच मीटर स्ट्रिप दोन्हीकडे नेली. दुसरा फीड कुठेच दिला नाही. सुरुवातीला २३.९ आणि दोन्ही टोकांना २३ व्होल्ट मिळाले. टोकाचा करंट सुरुवातीपेक्षा साधारण बारा टक्क्यांनी कमी, पण खाली उभं राहून ताईला सुरुवात आणि टोक यांत फरक दाखवता आला नाही. त्या एसएमपीएसच्या डब्यावर मार्करने लिहून ठेवलं: २४ व्होल्ट, ९६ वॅट, बसवल्याची तारीख.